दोन सेकंदांचा लोगो, वीस फ्रेमची करामत

जाहिरातीच्या शेवटी लोगो येतो, क्षणभर थांबतो आणि संपलं! सगळा कारभार दोन सेकंदांचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एकूण ५० फ्रेम. आपण एक उदाहरण घेऊ. लोगो खालून २०० पिक्सेल वर सरकत २० फ्रेममध्ये जागेवर येतो आणि उरलेल्या ३० फ्रेम स्थिर राहतो. एवढ्याशा हालचालीत काय काय दडलंय, बघा.

वेळ तीच, चाल निराळी

ईझिंग न लावता लोगो हलवला, तर तो दर फ्रेमला १० पिक्सेल सरकतो आणि शेवटी एकदम थबकतो. त्याऐवजी ‘ईझ-आउट क्यूबिक’ लावा. फ्लॅशच्या जमान्यात रॉबर्ट पेनर यांनी लोकप्रिय केलेल्या सूत्रांपैकी हे एक. आता पहिल्या पाच फ्रेममध्येच लोगो ११६ पिक्सेल कापतो आणि शेवटच्या पाच फ्रेममध्ये जेमतेम तीन! टाइमलाइनवरच्या कीफ्रेम तसूभरही हललेल्या नाहीत, तरी लोगो चपळ वाटतो.

डोळ्यांच्या लेखी लोगो आधीच पोचतो

शेवटचे तीन पिक्सेल कुणाच्या नजरेत भरणार? पाहणाऱ्याच्या दृष्टीने लोगो पंधराव्या फ्रेमलाच पोचलेला असतो. म्हणून ‘ठण्ण’ आवाज शेवटच्या कीफ्रेमवर, म्हणजे विसाव्या फ्रेमवर ठेवला, की तो पाच फ्रेम, म्हणजे २०० मिलिसेकंद मागे पडतो. टीव्हीवर आवाज चित्राच्या मागे पडला, तर साधारण १२५ मिलिसेकंदांनंतर ते जाणवू लागतं, पण पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. तेव्हा आवाज पंधराव्या-सोळाव्या फ्रेमवर आणा. त्याआधी मात्र नको, कारण कान घाई खपवून घेत नाहीत.

F9 दाबलं की काम झालं?

आफ्टर इफेक्ट्समध्ये F9 दाबलं, की ‘ईझी ईझ’ लागतो. तो दोन्ही टोकांना सारखाच मऊ असतो. पहिल्या पाच फ्रेममध्ये ३१ पिक्सेल, शेवटच्या पाचमध्येही ३१. पडद्यावरच सुरू होऊन पडद्यावरच थांबणाऱ्या हालचालीला हे शोभतं. बाहेरून आत येणाऱ्या लोगोला मात्र मारक ठरतं. पहिल्या फ्रेमला तो दीड पिक्सेलही सरकत नाही, म्हणजे निम्मी घुटमळ कडेबाहेरच होते आणि लोगो उशिरा आल्यासारखा वाटतो. ग्राफ एडिटर उघडून सुरुवातीची मऊ बाजू काढून टाका, शेवटची राहू द्या.

फेड वेग गिळतो

ईझ-आउट नीट लावलाय, तरी लोगो सुस्तच वाटतोय? पारदर्शकता तपासा. फेडही त्याच २० फ्रेम चालत असेल, तर पाचव्या फ्रेमला लोगो फक्त २५ टक्के उमटलेला असतो, पण निम्म्याहून जास्त अंतर कापून बसलेला असतो. वेगवान भाग कुणी पाहिलाच नाही, दिसलं ते फक्त शेवटचं रांगणं. फेड तीन फ्रेममध्ये उरका. मग पूर्ण उमटलेल्या लोगोची १२० पिक्सेलहून अधिक धाव दिसते.

आकाराचं गणित वेगळं

लोगो १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला, की दुप्पट होतो. ९० वरून १०० वर गेला, की फक्त नवव्या हिश्शाने वाढतो. त्यामुळे एकसारख्या गतीने मोठा होणारा लोगोही सुरुवातीला उसळल्यासारखा आणि शेवटी रेंगाळल्यासारखा दिसतो. त्यावर पुन्हा जोरदार ईझ-आउट चढवला, तर शेपूट फारच लांबते. शून्याऐवजी ७० किंवा ८० टक्क्यांपासून सुरुवात करा, म्हणजे वक्र हवा तसा दिसेल.

शिरोरेषेची अडचण

रोमन अक्षरं दोन-दोन फ्रेमच्या अंतराने एकामागून एक वर आली, तर छान लाट दिसते. मराठी नावाला तीच युक्ती लावली, की शिरोरेषेच्या पायऱ्या होतात आणि अक्षरं बसेपर्यंत नाव तुटलेलं दिसतं. उपाय सोपा आहे. शिरोरेषा वेगळ्या लेअरवर ठेवा, ती आधी डावीकडून उजवीकडे खेचा आणि मग अक्षरं मास्कमधून तिच्याखाली उतरवा. लाटही मिळते आणि रेषाही अखंड राहते.

लूपवर निकाल देऊ नका

सलग लूपवर पाहताना पुढे काय येणार हे डोळ्यांना पाठ होतं, म्हणून संथ चालही नेमकी वाटते आणि शेवटच्या ३० स्थिर फ्रेम कंटाळवाण्या वाटून आपण त्या छाटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नाव वाचायला त्याच फ्रेम लागतात. लोगोच्या आधी दोन सेकंद काळा पडदा जोडा, पूर्ण वेगाने एकदाच चालवा आणि ‘आला’ असं वाटेल तिथे थांबवा. त्या फ्रेमचा आकडा टिपून ठेवा. बोटाला बटण दाबायला लागणारा क्षण त्यातून वजा करा. आवाज आणि पुढची हालचाल बसवायची ती याच आकड्यावर, शेवटच्या कीफ्रेमवर नव्हे.