हॉटफिक्स (सॉफ्टवेअर)

हॉटफिक्स म्हणजे वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष दूर करण्यासाठी, नियोजित पुढील आवृत्तीची वाट न पाहता केलेली तातडीची दुरुस्ती होय. दोषाची तक्रार नोंदविली जाणे, दुरुस्ती लिहिणे, ती तपासणे आणि प्रत्यक्ष वापरातील यंत्रांवर चढविणे (यास डिप्लॉयमेंट म्हणतात) हे तिचे ठळक टप्पे आहेत. यानंतरचा एक टप्पा बहुधा दुर्लक्षिला जातो. तो म्हणजे हीच दुरुस्ती त्या सॉफ्टवेअरच्या इतर सर्व जिवंत शाखांमध्ये पोहोचविणे. छापलेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडले, पण मूळ हस्तलिखित तसेच राहिले, तर दुसऱ्या आवृत्तीत तीच चूक पुन्हा छापली जाते. सॉफ्टवेअरमध्येही तसेच घडते.

## परत आलेला दोष : आयओएस १२.४

ॲपल कंपनीने मे २०१९ मध्ये आयफोनसाठी आयओएस १२.३ ही आवृत्ती प्रसृत केली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील नेड विल्यमसन यांनी शोधलेला, फोनच्या गाभ्यातील एक सुरक्षादोष तीत दुरुस्त केलेला होता. जुलै २०१९ मध्ये आयओएस १२.४ आली आणि तीत तोच दोष पुन्हा उघडा पडला. ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग करून फोनवरील कंपनीची बंधने तोडणारे साधन जाहीरपणे उपलब्ध झाले. अखेर २६ ऑगस्ट २०१९ रोजी आयओएस १२.४.१ काढून कंपनीला तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा करावी लागली.

१२.४ हा आकडा १२.३ पेक्षा मोठा आहे, म्हणून त्यात आधीचे सर्व काही असणारच असे वाचकाला वाटते. आवृत्तीचा क्रमांक हे मात्र केवळ नाव असते. एखादी दुरुस्ती आत आहे की नाही, हे क्रमांकावरून ठरत नाही. ती आवृत्ती कोणत्या शाखेतून आणि केव्हा फुटली यावरून ठरते.

## शाखा व त्यांचे वळण

गिट या आवृत्ती-व्यवस्थापन प्रणालीत एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक शाखा एकाच वेळी चालू असतात. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी जानेवारी २०१० मध्ये मांडलेली ‘गिटफ्लो’ ही पद्धत पुष्कळ ठिकाणी अनुसरली जाते. तीत वापरातील आवृत्ती मुख्य शाखेवर, पुढील काम `develop` शाखेवर आणि प्रसिद्धीच्या तयारीतील आवृत्ती `release` शाखेवर असते. हॉटफिक्सची शाखा मुख्य शाखेतून काढावी आणि काम झाल्यावर मुख्य शाखा व `develop` या दोन्हींत विलीन करावी, असा नियम आहे. त्यास एक अपवाद आहे. त्या वेळी `release` शाखा उघडी असेल, तर दुरुस्ती `develop` ऐवजी तीत विलीन करतात. ती शाखा पुढे `develop` मध्ये मिळणार असल्याने दुरुस्ती आपोआप तेथे पोहोचते. मात्र तयारीतील आवृत्ती लांबणीवर पडली किंवा सोडून दिली, तर हा ‘आपोआप’ फसवा ठरतो.

दुरुस्ती कोठून कोठे वाहावी याविषयी मोठ्या प्रकल्पांतही एकमत नाही. गिटच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत, दुरुस्ती तिची गरज असलेल्या सर्वांत जुन्या शाखेवर करावी आणि मग नव्या शाखांमध्ये क्रमाने विलीन करीत जावे, असे सांगितले आहे. लिनक्स कर्नेलच्या स्थिर आवृत्त्यांचा नियम उलट आहे : दुरुस्ती प्रथम मुख्य शाखेत आलेली असली पाहिजे, त्यानंतरच ती जुन्या आवृत्तीत उतरविली जाते. दोन्ही नियमांचा हेतू एकच आहे. जुन्या आवृत्तीत असलेली दुरुस्ती नव्यात नाही, अशी स्थिती येऊ नये.

## उदाहरण : दूध संकलनाचे सॉफ्टवेअर

पुढील उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे भीमेच्या अलीकडचे-पलीकडचे तालुके असून दोन्हींत दूधधंदा मोठा आहे. संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचे फॅट व एसएनएफ मोजले जाते आणि त्यानुसार दर ठरून शेतकऱ्याला पावती मिळते. समजा, ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ असलेल्या दुधाला पूर्ण दर आहे आणि फॅट त्याहून ०.१ ने कमी भरल्यास लीटरमागे ३० पैसे कापले जातात. शिरूरच्या केंद्रांवर सॉफ्टवेअरची ४.२.० ही आवृत्ती चालू आहे. दौंडच्या काही केंद्रांवर जुनी यंत्रे असल्याने तेथे ४.१ ची शाखा राखली आहे. ५.० ची तयारी `release/5.0` वर चालू आहे.

शिरूरहून तक्रार येते की ३.५ फॅट लागूनही दर कापला जातो. रोज दोन वेळचे मिळून ४० लीटर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचे यात दिवसाला १२ रुपये जातात. दहा दिवसांच्या पगारात ही तूट १२० रुपयांची होते.

‘दर चुकतो’ एवढीच नोंद निरुपयोगी असते. पावतीवरील फॅट, एसएनएफ, लीटर व लागलेला दर, तसेच त्या यंत्रावरील आवृत्तीचा क्रमांक तिकिटावर लिहावा लागतो. या तिकिटास `DUDH-418` हा क्रमांक दिला असे मानू. पावतीवरचेच आकडे कार्यालयातील यंत्रावर घालून तोच चुकीचा दर मिळाला, म्हणजे दोष हाती आला. ३.४ व ३.६ फॅटला दर बरोबर येतो, चूक फक्त ३.५ ला होते. यावरून दोष सीमारेषेवरील तुलनेत असल्याचे कळते.

शाखा काढताना ती चालू असलेल्या आवृत्तीच्या टॅगवरून काढतात. `develop` वरून काढल्यास अर्धवट राहिलेले कामही दुरुस्तीबरोबर केंद्रांवर जाईल.

```
git switch -c hotfix/4.2.1 v4.2.0
```

प्रथम ३.५ फॅटसाठी एक चाचणी लिहितात व ती नापास होते याची खात्री करून घेतात. मग दुरुस्ती करतात. ती एका चिन्हाची आहे :

```
- if fat > 3.5:
+ if fat >= 3.5:
```

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीने बदल वाचून संमती दिली, की शाखा मुख्य शाखेत विलीन करून `v4.2.1` असा टॅग लावतात. नवी आवृत्ती आधी तक्रार आलेल्या एकाच केंद्रावर चढवून सकाळच्या संकलनाची पावती पडताळतात, मग इतर केंद्रांवर पाठवितात. संध्याकाळच्या संकलनाला ज्याचे इंटरनेट बंद होते ते केंद्र ४.२.० वरच राहते. म्हणून डिप्लॉयमेंटची नोंद केंद्रवार ठेवावी लागते. ‘पाठविले’ आणि ‘बसले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## कोणकोणत्या शाखांना दुरुस्ती हवी?

येथे इतिहास फसवू शकतो, आणि तो दोन उलट दिशांनी फसवितो. दोष आणणारा बदल `a41c9e2` या कमिटमध्ये होता असे मानू. तो कोणत्या शाखांत आहे, हे असे विचारता येते :

```
git branch -r --contains a41c9e2
```

उत्तरात मुख्य शाखा, `develop` व `release/5.0` दिसतात; `support/4.1` दिसत नाही. यावरून दौंडची जुनी केंद्रे निर्दोष आहेत असे वाटते. पण तो बदल मागे कोणी तरी `git cherry-pick` ने ४.१ वर उचलून ठेवला असेल, तर तेथे त्या कमिटची ओळख वेगळी असते आणि वरील आज्ञा ती ओळखत नाही. म्हणून सदोष मजकूरच प्रत्येक शाखेत शोधणे अधिक खात्रीचे असते :

```
git grep -n 'fat > 3.5' origin/support/4.1
```

४.१ मध्ये दोष सापडला, तरी `v4.2.1` तीत विलीन करता येत नाही. तसे केल्यास ४.२ चे सर्व नवे काम जुन्या यंत्रांवर जाईल. तेथे केवळ दुरुस्तीचे कमिट उचलावे लागते. ते `git cherry-pick -x` ने उचलल्यास मूळ कमिटची ओळख संदेशातच नोंदली जाते आणि पुढे शोधणाऱ्याचे श्रम वाचतात.

उलट दिशेची फसवणूक अधिक घातक आहे. `release/5.0` मध्ये दराचा हिशेब नव्याने लिहून दुसऱ्या फाइलमध्ये हलविला आहे, पण त्यात `>` तसाच राहिला आहे. विलीन करताना संघर्ष उद्भवतो. घाईत असलेली व्यक्ती ‘आमच्या बाजूचा मजकूर ठेवा’ असे निवडते. विलीनीकरण नोंदले जाते, दुरुस्ती मात्र गळते. यानंतर पुढील आज्ञा निःशंकपणे होकार देते :

```
git merge-base --is-ancestor v4.2.1 origin/release/5.0 && echo yes
```

तो होकार खोटा नाही. `v4.2.1` त्या शाखेच्या पूर्वजांत आहे, एवढेच तो सांगतो. दुरुस्ती मजकुरात टिकली की नाही, हे सांगत नाही. वरील मजकूर-शोधही येथे चुकू शकतो, कारण नव्या फाइलमध्ये चलाचे नाव `fat` ऐवजी दुसरे असेल. निर्णय देते ती ३.५ फॅटची चाचणी. ती त्या शाखेवर खरोखर धावली का, हेही पाहावे लागते, कारण जुन्या नावाचे फंक्शनच उरले नसेल तर घाईत चाचणीच वगळली जाण्याचा संभव असतो.

## तिकीट केव्हा बंद होते

शिरूरच्या केंद्रांवर ४.२.१ बसल्यावर तक्रार थांबते आणि बहुतेक तिकिटे याच क्षणी बंद होतात. `DUDH-418` वर मात्र चारही शाखांची नावे सुरुवातीपासून लिहून ठेवलेली असतील, तर प्रत्येक नावापुढे कमिटची ओळख व चाचणीचा निकाल आल्याशिवाय ते बंद करता येत नाही. `release/5.0` पुढे `develop` मध्ये मिळेपर्यंत `develop` ची ओळ रिकामीच दिसते. ती तशी रिकामी दिसणेच योग्य आहे. कारण विलीनीकरण लांबले, तर ती ओळ पाहून कोणी तरी दुरुस्ती थेट `develop` मध्ये नेऊ शकतो. ‘हॉटफिक्सची शाखा `git branch -d` ने पुसता आली, म्हणजे ती सर्वत्र विलीन झाली’ असा समजही आढळतो. ही आज्ञा त्या शाखेशी जोडलेली दूरस्थ शाखा तपासते, आणि तशी नसेल तर आपण उभे असलेली शाखा. बाकीच्या शाखा ती पाहतच नाही.

दुरुस्तीमुळे पुढच्या पावत्या बरोबर होतात, मागच्या होत नाहीत. सदोष आवृत्ती बसल्यापासून दुरुस्त आवृत्ती बसेपर्यंत ३.५ फॅटच्या ज्या पावत्या निघाल्या, त्यांची यादी केंद्रवार काढून फरकाची रक्कम पुढील पगारात जोडण्यासाठी वेगळे तिकीट उघडावे लागते. दौंडच्या ज्या केंद्रांवरून तक्रार आलीच नव्हती, तेथील पावत्याही या यादीत येतात.