अख्खा क्लू, दोनदा वाचलेला

इंग्रजी क्रिप्टिक कोड्याचा नेहमीचा क्लू दोन भागांचा असतो. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि दुसऱ्यात त्याच उत्तराची अक्षरे जुळवण्याची कृती, म्हणजे शब्दखेळ. अर्थ क्लूच्या सुरुवातीला तरी असतो किंवा शेवटी तरी. म्हणून हा सांधा कुठे आहे ते हुडकणे हेच सोडवणाऱ्याचे पहिले काम. पण काही मोजक्या क्लूंमध्ये सांधाच नसतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तेच वाक्य आधी कृती म्हणून वाचायचे आणि मग अर्थ म्हणून. इंग्रजी कोडेकार या प्रकाराला ‘अँड लिट’ म्हणतात. क्लू अक्षरे तर देतोच, शिवाय शब्दशः खराही असतो, या लांबलचक म्हणण्याचे ते आखूड रूप आहे. ते रूढ केले डेरिक सॉमरसेट मॅकनट यांनी. हे अभिजात भाषांचे शिक्षक लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘झिमेनीज’ या नावाने कोडी रचत. झिमेनीज हे स्पेनच्या धर्मन्यायपीठाच्या एका प्रमुखाचे नाव. आधीच्या कोडेकाराने ‘टॉर्केमादा’ हे नाव घेतले होते, तेव्हा छळणाऱ्यांची गादी पुढे चालू राहिली.

अँड लिट हा कोडेकाराने नियमातून घेतलेला सूट-सवलतीचा प्रकार आहे, असा एक समज आहे. अर्थ वेगळा दिलेला नाही, म्हणजे नियम मोडला, असे त्यामागचे गणित. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. मॅकनट यांच्या शिस्तीचा सारांश त्यांचे वारसदार जोनाथन क्रॉदर, म्हणजे ‘अ‍ॅझेड’, यांनी असा सांगितला आहे: नेमका अर्थ, न्याय्य शब्दखेळ आणि याखेरीज काहीही नाही. यातली तिसरी अट सर्वांत अवघड. साध्या क्लूत दोन भाग जोडायला एखादा ‘मधून’ किंवा ‘साठी’ खपून जातो. अँड लिटमध्ये जोडायला दोन भागच नाहीत, त्यामुळे प्रत्येक शब्दाला दोन्ही वाचनांत राबावे लागते. खरे-खोटे ओळखण्याची कसोटीही यातूनच निघते. एकेक शब्द काढून पाहावा. दोन्ही वाचने लंगडी झाली तर क्लू अस्सल.

सर्वांत छोट्या उदाहरणावर ही कसोटी लावून पाहू. ‘ई.जी., ओरिजिन ऑफ गूस’, उत्तर तीन अक्षरांचे. शब्दखेळ असा: ई आणि जी ही अक्षरे जशीच्या तशी घ्यायची, पुढे ‘गूस’चा उगम, म्हणजे त्या शब्दाचे पहिले अक्षर जी. ई-जी-जी, एग, अंडे. आता तेच अर्थ म्हणून वाचा: उदाहरणार्थ, हंसिणीचा उगम. ‘ई.जी.’ फक्त दोन अक्षरे पुरवायला आणले आहे असे वरवर वाटते, पण अंडे काही एकट्या हंसिणीचेच नसते. कोंबडीचे, कासवाचे, सापाचेही असते. जातीच्या जागी एक नमुना ठेवला तर तो नमुना आहे हे सांगावे, असा झिमेनीजपंथीयांचा आग्रह. तेच काम ‘ई.जी.’ इथे करते. ते काढले तर अक्षरे उणी पडतात आणि अर्थही नियमबाह्य होतो. ‘टेरिबली अँगर्ड’ हा दोनच शब्दांचा क्लूही असाच. ‘भयंकर’ हा शब्द अक्षरे विस्कटायची खूण, आणि ‘अँगर्ड’ची सात अक्षरे विस्कटून ‘एनरेज्ड’ होते. नुसते रागावणे म्हणजे एनरेज्ड नव्हे, भयंकर रागावणे हवे. म्हणून विस्कटण्याची खूणच अर्थाची तीव्रता बरोबर जुळवते.

यावरचा पहिला आक्षेप असा, की हे कोडेकाराचे कसब नाही, शब्दकोशातला योगायोग आहे. योगायोग लागतो हे खरेच. पण तो किती अपुरा पडतो ते ‘इकॉनॉमिस्ट’ या नऊ अक्षरी शब्दावरून कळते. त्याची अक्षरे फिरवली की ‘कम्स इंटू’ असे अगदी स्वच्छ शब्द मिळतात. एकही अक्षर उरत नाही. पण त्यांचा अर्थशास्त्रज्ञाशी काही संबंध नाही. साध्या क्लूला ते चालतील, इथे नाही. तीच अक्षरे जरा हलवली की ‘इन्कम्स टू’ मिळते. ‘उत्पन्ने’ विषयाला धरून आहेत, पण मागे लोंबणाऱ्या ‘टू’चे करायचे काय? आता ‘कॉस्ट’ हा शब्द बाजूला काढा. उरलेल्या पाच अक्षरांचे ‘आयम वन’ होते, म्हणजे ‘मी एक आहे’. इथपर्यंत योगायोग. पुढचे काम कारागिराचे: या दोन तुकड्यांमध्ये असे काय घालायचे, जे अक्षरे मिसळायला सांगेल आणि मधे शिवण दिसू देणार नाही? प्रसिद्ध क्लूत तिथे ‘इन्व्हॉल्व्ड विथ’ आहे. ‘आयम वन इन्व्हॉल्व्ड विथ कॉस्ट’: मी खर्चाच्या हिशेबात गुंतलेला एकजण. ‘इन्व्हॉल्व्ड’ म्हणजे गुंतलेला, तसाच गुंतागुंतीचा, वळलेला. म्हणून ती अक्षरे एकमेकांत घोळवायची खूणही झाली. ‘कम्स इंटू’ ज्याच्या हाती लागले आणि ज्याने ते सोडून दिले, त्याला नुसते नशीबवान कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खर्चाशी संबंध हिशेबनीसाचाही असतो, गवंडीकामाच्या ठेकेदाराचाही. मग ही अर्थशास्त्रज्ञाची व्याख्या नेमकी कशी? नेमकी नाही, हे कबूल करायला हवे. अँड लिटच्या कौतुकात सैल व्याख्येकडे डोळेझाक होते, हा आरोप बऱ्याचदा खरा असतो. पण उपाय करून पाहा. ‘कॉस्ट’च्या आधी ‘राष्ट्रीय’ घातले तर व्याख्या घट्ट होईल. मात्र त्या शब्दाला शब्दखेळात काही काम उरणार नाही. अर्थाला अख्खे वाक्य लागते आणि अक्षरांना त्याचा एक भाग पुरतो, अशा क्लूला जाणकार ‘सेमी अँड लिट’ म्हणतात. तो चांगला असू शकतो, पण खालच्या पायरीवरचा. तेव्हा सैलपणा हा आळस नसून जागेची किंमत आहे. ती किती मोजावी याला मर्यादा हवीच: उत्तर कळल्यावर व्याख्या खोटी ठरता कामा नये, आणि त्याच अक्षरांतून दुसरे उत्तर निघता कामा नये. हिशेबनीस या अक्षरांत बसत नाही, म्हणून इथे माफी आहे.

मग सोडवणाऱ्यावर अन्याय होतो का? सांधा लपवला तर पकडायचे काय, असे विचारले जाते. याला उत्तर असे की इथे लपवलेले काहीच नाही. कोडेकार जे बोलतो तेच त्याच्या मनात असायला हवे असे नाही, पण मनात जे आहे ते मात्र त्याच्या बोलण्यात आलेच पाहिजे, अशा आशयाची शिकवण ‘आफ्रिट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोडेकाराने दिली होती. अँड लिटमध्ये कोडेकार मनातलेच उघडपणे बोलून बसतो. अडखळते ती आपली दोन भाग शोधण्याची सवय. शिवाय उत्तर सापडले की खात्री पूर्ण क्लूकडून दोनदा मिळते. जिथे उत्तराने प्रश्नाच्याच अक्षरांत बसायचे असते त्या संस्कृत अंतर्लापिकांची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांना हे परके वाटू नये.

खरा धोका सोडवणाऱ्याला नसून कोडेकारालाच आहे. क्लूच्या शेवटी उद्गारचिन्ह ठोकले की अँड लिट झाले, असे नवशिक्याला वाटते. हे चिन्ह बरेचदा ‘संपूर्ण वाचा’ अशी सभ्य सूचना असते. पण वाक्यातला एखादा शब्द बेकार बसला असेल तर ते नुसते पांघरूण ठरते. म्हणून क्लू कुठेच तुटत नसेल तर तो तोडणे थांबवून अख्खा वाचा, आणि उत्तर सापडल्यावर टाळ्या वाजवण्याआधी त्यातला एकेक शब्द काढून बघा.