वरच्या मजल्यावर मेश कधी, एक्स्टेंडर कधी

दुमजली घरात वायफाय अडतं ते बहुतेक वेळा स्लॅबपाशी. फायबरची वायर हॉलमध्ये येते, राउटर टीव्हीशेजारी बसतो आणि कामाचं टेबल असतं नेमकं वरच्या खोलीत. मधलं पाच-सहा इंच काँक्रीट लहरी शोषून घेतं, त्यातली सळ्यांची जाळी उरलेल्यांतल्या बऱ्याच परतवून लावते. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्ट्याला याचा फटका जास्त बसतो. २.४ गिगाहर्ट्झ निभावून नेतो, पण त्याचा वेग मुळात कमी आणि शेजारपाजारच्या राउटरांची गर्दीही तिथेच. वर जो काही सिग्नल पोचतो, त्यातला बराचसा जिन्याच्या मोकळ्या जागेतून चढलेला असतो. ही जिन्याची वाट लक्षात ठेवायची.

एक रो-हाउस धरू. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, राउटरजवळ ९० मिळतात, वरच्या खोलीत जेमतेम ८. घरमालक एक्स्टेंडर आणतात आणि त्याच खोलीतल्या प्लगला लावतात. मोबाइलवर लगेच सगळ्या दांड्या भरतात, वेग मात्र आठाचा नऊ होत नाही. कारण त्या दांड्या मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातलं अंतर सांगतात; एक्स्टेंडरला खालून काय मिळतंय, ते त्यांना ठाऊक नसतं. शहानिशा सोपी आहे. एक्स्टेंडरच्या अगदी जवळ उभं राहून स्पीड टेस्ट घ्यायची. तिथेही वेग रडका असेल, तर दुखणं एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यामध्ये आहे.

मग तोच एक्स्टेंडर जिन्याच्या वळणावर, लँडिंगच्या प्लगला लावून पाहायचा. सिग्नल मोजणारं मोफत अ‍ॅप तिथे राउटरचा सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास दाखवत असेल, तर जागा ठीक. उणे ८० म्हणजे व्यर्थ. अशा जागी वर ३५-४० एमबीपीएस मिळू शकतात. त्याहून जास्त का नाही? साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर आधी खालून ऐकतो, मग तेच वर सांगतो. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलू शकतो, त्याचं नुकसान कमी होतं. वर एकच माणूस सिनेमा पाहणार किंवा मेल वाचणार असेल, तर इथेच थांबावं. उगाच तिप्पट पैसे घालू नयेत.

मेशची खरी गरज दोन ठिकाणी लागते. पहिली, व्हिडिओ कॉल चालू ठेवून माणूस जिना चढतो तेव्हा. कोणत्या यंत्राला धरायचं, हे मोबाइल स्वतः ठरवतो, आणि तो जुन्याला सहजासहजी सोडत नाही. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमपर्यंत सिग्नल घसरल्यावरच दुसरा शोधू लागतो. एक्स्टेंडरला राउटरचंच नाव दिलं तरी ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मेशची यंत्रं बोलतात: जवळ कोण आहे ते मोबाइलला कळवतात, तिकडे जा म्हणून सुचवतात. ऐकायचं की नाही हे शेवटी मोबाइलच्याच हाती, पण कॉल तुटायचं प्रमाण पुष्कळ कमी होतं.

दुसरी गरज, वर दोघं-तिघं एकाच वेळी काम करत असतील तेव्हा. पण इथे दुकानदार अर्धंच सांगतात. दोन पट्ट्यांचा मेश बिनवायरीचा वापरला, तर त्यालाही तोच स्लॅब भेदायचा असतो आणि तेच ओझं हवेतून दोनदा वाहायचं असतं. तीन पट्ट्यांच्या मेशमध्ये एक रेडिओ यंत्रांच्या आपसांतल्या वाहतुकीसाठी राखून ठेवता येतो, म्हणून तो बरा. तरी वरचं यंत्र लँडिंगच्या आसपासच हवं. सगळ्यात उत्तम म्हणजे वायर. जुन्या केबल टीव्हीच्या रिकाम्या पाइपातून किंवा बाहेरच्या भिंतीवरून कॅट-६ केबल वर न्यायची. विजेच्या तारांच्या पाइपात ती घालू नये. मग वरच्या खोलीतही ९० एमबीपीएस येतात आणि स्लॅबचा प्रश्नच उरत नाही. अर्थात वायर वर गेलीच, तर साधं अ‍ॅक्सेस पॉइंटही तेवढाच वेग देईल. मेशची बाजू तिथे जिना चढतानाच्या कॉलपुरतीच उरते. प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल, तर यंत्रांचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, हे घेण्याआधीच बघावं. १०० च्या पोर्टमधून ९५ च्या पुढे काही मिळत नाही.

मेश लावल्यावर कंपनीच्या राउटरचं वायफाय बंद करावं, नाहीतर मोबाइल जुन्याच नावाला चिकटून राहतो. आणि कंपनीचा राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतच असेल, तर मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा. तसं केलं नाही, तर दोन राउटर एकामागे एक बसतात आणि वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडेनासा होतो.