मीटिंगची वेळ बदलून मागताना

लंडनच्या मॅनेजरने बुधवारी त्यांच्या दुपारी साडेतीनला मीटिंग ठेवली. उन्हाळ्यात त्यांचं आणि आपलं अंतर साडेचार तासांचं, म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ. बोलावलेले पाच जण: तिघं पुण्याचे, दोघं लंडनचे. पुण्यातल्या टेस्ट लीडला त्या वेळी जमणार नाही. तिच्यासमोर आउटलुकमध्ये `Propose New Time` हे बटण आहे. ते दाबल्यावर दोन पर्याय उघडतात: `Tentative and Propose New Time` आणि `Decline and Propose New Time`. शिष्टाचाराचा निम्मा प्रश्न इथेच, या दोन ओळींत आहे.

बहुतेक जण दुसरी ओळ निवडतात. कारण सरळ आहे: वेळ जमत नाही, म्हणून नकार, आणि सोबत नवी वेळ. पण डिक्लाइन केलं की ती मीटिंग तुमच्या कॅलेंडरवरून निघून जाते. बुधवारची आठची जागा रिकामी दिसू लागते आणि दुसरं कोणीतरी तिथे आपली मीटिंग टाकून मोकळं होतं. मॅनेजरने तुमची वेळ मान्य केलीच नाही, तर मूळ मीटिंग ठरल्या वेळी होते. तुम्ही यादीत नकार देणारे म्हणून दिसता आणि तुमच्या कॅलेंडरवर तिचा मागमूसही नसतो. टेंटेटिव्ह निवडलं तर जागा धरलेली राहते. ‘वेळ बदलली तर बरं, पण नाहीच बदलली तर ओढाताण करून येईन,’ असं असेल तर टेंटेटिव्ह. काहीही झालं तरी येणं शक्य नसेल तरच डिक्लाइन. आडून नकार देण्यासाठी टेंटेटिव्ह वापरणं मात्र वाईट. मॅनेजर तुम्हाला धरून चालतो.

हा प्रस्ताव एकट्या संयोजकाकडे जातो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्याच्या इनबॉक्समध्ये `New Time Proposed` अशा मथळ्याचा मेल पडतो. बाकीच्या चौघांना काही कळत नाही. त्याने तो मान्य करून सुधारित इन्व्हाइट पाठवेपर्यंत मीटिंग जागची हलत नाही. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचं जे सर्वमान्य मानक आहे, त्यातही पाहुण्याला मिळतो तो फक्त प्रतिप्रस्तावाचा हक्क. त्या संदेशाचं नावच `COUNTER`. मीटिंग संयोजकाची, बदलही त्यानेच करायचा. आणि वेळ बदलली की प्रत्येकाला पुन्हा होकार द्यावा लागतो. म्हणून आपल्या एकट्याच्या पंधरा मिनिटांच्या सोयीसाठी पंधरा-वीस जणांची मीटिंग हलवू पाहणं मला तरी उद्धटपणाच वाटतो. तिथे नकार देऊन नंतर टिपणं मागून घ्यावीत.

आता टेस्ट लीडचं काय झालं ते पाहू. प्रस्तावाच्या खिडकीत सगळ्यांचे व्यस्त-मोकळे पट्टे दिसतात. तिला आधी दुपारी तीन सोयीचं वाटलं, म्हणजे लंडनचे सकाळचे साडेदहा. पण लंडनच्या सहकाऱ्याचा पट्टा तेव्हा भरलेला होता. आपले चार, त्यांचे साडेअकरा, ही वेळ सर्वांनाच मोकळी निघाली. तिने तीच सुचवली. साडेबाराही रिकामी होती, पण ती तिने टाळली, कारण रिकामा पट्टा म्हणजे मोकळा माणूस असं नसतं. जेवणाची वेळ कोणी कॅलेंडरवर नोंदवत नाही.

प्रस्ताव पाठवण्याआधी मेलमध्ये लिहायला जागा मिळते. ती कोरी सोडणं हा सर्रास दिसणारा बेपर्वाईचा नमुना. तिने तीन वाक्यं लिहिली: पुण्यात तेव्हा रात्रीचे आठ होतात, लंडनचे साडेअकरा सर्वांना मोकळे दिसतात, ते जमत नसेल तर ठरल्या वेळी अर्धा तास येईन. घरचं कारण सविस्तर सांगायची गरज नव्हती आणि तिने सांगितलंही नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं, कारण त्यामुळे मॅनेजरला ‘नाही’ म्हणणं सोपं होतं.

हे सगळं तिने इन्व्हाइट आलं त्याच दिवशी केलं. मीटिंगला तासभर उरला असताना प्रस्ताव पाठवणं निरर्थक. तेव्हा सरळ चॅटवर सांगावं किंवा फोन करावा. दुसऱ्यांदा वेगळी वेळ सुचवायची पाळी आली तरीही फोनच बरा. दर आठवड्याच्या मीटिंगची कायमची वेळ बदलून हवी असेल तर ती गोष्ट या बटणाची नाही, बोलण्याची आहे.

संयोजकाच्या बाजूलाही एक खोट आहे. मानकात प्रतिप्रस्ताव नाकारल्याचा वेगळा संदेश आहे, पण रोजच्या कामात प्रस्तावाचा मेल बहुधा तसाच पडून राहतो आणि मागणाऱ्याला वाटतं की विचार चालू आहे. संयोजकांनो, वेळ बदलणार नसाल तर एका ओळीत तसं कळवा. आणि कोणाचीच सूचना नको असेल, तर आउटलुकमध्ये इन्व्हाइट पाठवतानाच `Allow New Time Proposals` ही खूण काढून टाकता येते.