ऋण प्रत्याभरण आणि वर्धनांकाची स्थिरता

ऋण प्रत्याभरण, म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक, या रचनेत यंत्रणेच्या प्रदानाचा ठरावीक अंश आदानाकडे परत नेऊन मूळ संकेतातून वजा केला जातो. उरलेला फरकच मुख्य संयंत्राला मिळतो. संयंत्राचा स्वतःचा वर्धनांक (गेन) A आणि परत नेलेला अंश β मानल्यास संपूर्ण यंत्रणेचा वर्धनांक G पुढीलप्रमाणे येतो :

G = A / (1 + Aβ)

समजा, एका विवर्धकाचा A = १०,००० आणि β = ०.०१ आहे. तेव्हा G = १०,००० / १०१ = ९९.०१. निर्वात नळी जुनी होऊन A निम्म्यावर, म्हणजे ५,००० वर आला, तर G = ५,००० / ५१ = ९८.०४. संयंत्रात ५० टक्के घट झाली, पण एकूण वर्धनांक एक टक्क्यानेही घटला नाही.

हे कसे घडते, ते संकेताचा मागोवा घेतल्यास कळते. आदान १०.१ मिलिव्होल्ट असल्यास प्रदान १,००० मिलिव्होल्ट होते. त्यातले १० परत येऊन वजा होतात आणि विवर्धकाला केवळ ०.१ मिलिव्होल्ट मिळतो. A निम्मा झाला की प्रदान किंचित उतरून सुमारे ९९०.२ होते, ९.९०२ परत येतात आणि फरक ०.१९८ उरतो. विवर्धक अर्ध्या ताकदीचा झाला, पण त्याला मिळणारा संकेत जवळजवळ दुप्पट झाला.

या स्थैर्याची किंमत उघड आहे : दहा हजारांचा वर्धनांक शंभराच्या आत आला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंते हॅरोल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीवरील फेरीबोटीत ही कल्पना सुचली. दूरध्वनीच्या लांब मार्गांवर अनेक विवर्धक ओळीने जोडावे लागत आणि प्रत्येकाचा दोष पुढच्यात जाऊन साचत असे. दहा विवर्धकांपैकी प्रत्येकाचा वर्धनांक १० टक्क्यांनी घटला, तर एकूण वर्धनांक मूळच्या ३५ टक्क्यांवर येतो. वरील प्रत्याभरण असल्यास तो सुमारे ९९ टक्के टिकतो.

मात्र हे संरक्षण β ला मिळत नाही. A तसाच ठेवून β केवळ एक टक्क्याने वाढवून ०.०१०१ केला, तर G = १०,००० / १०२ = ९८.०४. संयंत्र निम्मे झाल्यावर आलेले उत्तरही नेमके हेच होते. म्हणून β ठरवणारे रोधक उत्तम प्रतीचे निवडतात. विवर्धकातील चढउतार मग खपून जातात.

Aβ अमर्याद वाढवताही येत नाही. उच्च वारंवारतेला संकेत फेरीत मागे पडत जातो. हे मागे पडणे अर्ध्या आवर्तनाइतके झाले की वजाबाकीची बेरीज होते आणि त्या वारंवारतेला Aβ एक किंवा अधिक असल्यास विवर्धक आपोआप दोलने करू लागतो. ध्वनिविवर्धकात हा दोष कित्येकदा शिट्टीसारख्या आवाजातून ओळखू येतो.