थांबलेल्या खेळातला कॅमेरा

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ खेळताना कंट्रोलरवरच्या बाणांच्या बटणांपैकी उजवं दाबलं की सगळं जागच्या जागी थबकतं. तलवार उगारलेला जिन सकाई तसाच उभा राहतो, समोरचा मंगोल सैनिक तसाच. खेळ थांबलेला असतो आणि तुमच्या हातात एक कॅमेरा आलेला असतो. तो जिनभोवती फिरवता येतो, वर-खाली नेता येतो, तिरका करता येतो. यालाच फोटो मोड म्हणतात.

1274 साली मंगोलांनी जपानच्या त्सुशिमा बेटावर चढाई केली, त्या घटनेवर हा खेळ बेतला आहे. सकर पंच या अमेरिकी स्टुडिओने तो 2020मध्ये प्लेस्टेशन 4वर आणला आणि 2024मध्ये तो संगणकावरही आला. फोटो मोड मात्र त्याहून जुना. गाड्यांच्या शर्यतीच्या ‘ग्रॅन टुरिस्मो 4’मध्ये 2004मध्येच आपल्या गाडीचे फोटो काढायची सोय होती. 2014मध्ये याच सकर पंचच्या ‘इन्फेमस: सेकंड सन’मध्ये आणि ‘द लास्ट ऑफ अस’च्या नव्या आवृत्तीत फोटो मोड आला, त्यानंतर मोठ्या खेळांत तो असणं जवळपास गृहीतच धरलं जाऊ लागलं. एकट्याने खेळायच्या खेळांत तो जास्त दिसतो, याचं कारण साधं आहे. ऑनलाइन सामन्यात एकाच्या फोटोसाठी बाकीच्यांचा वेळ थांबवता येत नाही.

फोटो मोडचं पहिलं काम पडद्यावरची गर्दी हटवण्याचं. खेळताना कोपऱ्यात जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी असते, नकाशा असतो, शस्त्रांची चिन्हं असतात. खेळायला ती हवीत, चित्रात नकोत. फोटो मोडमध्ये शिरताच ती जातात, पण त्यांच्या जागी फोटो मोडचाच मेनू येतो, आणि नवखा माणूस नेमका त्या मेनूसकट फोटो काढून बसतो. मेनू लपवायचं बटण कोणतं, ते पडद्याच्या खालच्या बाजूला लिहिलेलं असतं. आधी ते दाबायचं, मग कंट्रोलरवरचं फोटो साठवायचं बटण. ज्या खेळांत फोटो मोड नाही तिथे संगणकावर खेळणाऱ्यांनी पूर्वीपासून आडवाटा शोधल्या आहेत. ‘माइनक्राफ्ट’मध्ये F1 दाबलं की पडद्यावरची सगळी चिन्हं जातात आणि F2 दाबलं की चित्र साठवलं जातं. ‘स्कायरिम’मध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून दोन ओळी द्याव्या लागतात:

```
tfc 1
tm
```

पहिलीने खेळ थांबतो आणि कॅमेरा मोकळा होतो, दुसरीने सगळे मेनू लपतात. गंमत अशी की दुसरी आज्ञा ती खिडकीही लपवते, त्यामुळे मेनू परत आणायला `tm` न बघताच टाइप करावं लागतं.

आता त्सुशिमातला एक फोटो सावकाश काढून बघू. इझुहारा भागात सोनेरी मंदिर आहे. भोवती गिंको वृक्षांची दाटी आणि जमिनीवर पिवळ्या पानांचा गालिचा. आपल्याला हवा आहे जिनचा चेहरा, आणि मागे ते मंदिर.

बहुतेक जण जिनच्या अगदी जवळ कॅमेरा नेतात. त्यात दोन गोष्टी बिघडतात. नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, आणि मागचं मंदिर खेळण्याएवढं होतं. खऱ्या कॅमेऱ्यातही हेच होतं, कारण चेहऱ्याचं प्रमाण कॅमेरा किती अंतरावर आहे त्यावर ठरतं आणि खेळातला संगणक तोच भूमितीचा हिशेब करतो. उपायही तोच. कॅमेरा मागे न्यायचा आणि मेनूतली फोकल लेंग्थ वाढवायची. लग्नातले फोटोग्राफर चेहऱ्यासाठी 85 मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावतात, इथेही तिथून सुरुवात करावी. चेहरा चौकटीत पहिल्याएवढाच राहतो, पण मागचं मंदिर मोठं होऊन त्याच्या खांद्यामागे उभं राहतं. कॅमेरा हवा तितका मागे मात्र नेता येत नाही. जिनपासून ठरावीक अंतरावर तो अडतो आणि मध्ये भिंत आली तर तिथेही.

यानंतर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात किती खोलीपर्यंतचं स्पष्ट दिसावं आणि त्यापलीकडचं किती धूसर व्हावं, हे ठरवणं. फोटो मोडची सगळी गोम इथे आहे असं मला वाटतं. खऱ्या कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठं केलं की मागचं धूसर होतं, पण त्याबरोबर आत येणारा उजेडही वाढतो. खेळात छिद्रच नाही. त्यामुळे धूसरपणा कितीही वाढवा, उजेड जसाच्या तसा राहतो. उजेडाला वेगळी पट्टी आहे.

मग हा धूसरपणा येतो कुठून? संगणक आधी सगळं चित्र स्पष्ट काढतो. ते काढताना प्रत्येक ठिपक्याबरोबर एक आकडा नोंदवून ठेवतो: इथे दिसणारी वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे. फोकसचं अंतर तुम्ही ठरवलं की त्या अंतरावरचे ठिपके तसेच ठेवले जातात आणि जसजसा फरक वाढेल तसतसे बाकीचे आजूबाजूच्या रंगांत मिसळून पुसट केले जातात. म्हणजे धूसरपणा हा चित्र पूर्ण झाल्यावर वरून केलेला संस्कार आहे.

हे कळलं की चित्र कुठे फसणार तेही कळतं. एका ठिपक्याला एकच अंतर लिहिता येतं. केसाच्या बारीक बटेत केस आणि मागचं झाड दोन्ही मिसळलेले असतात. संगणकाने त्या ठिपक्याला केसाचं अंतर दिलं, तर बटांच्या मधलं झाड स्पष्ट राहतं आणि डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कड दिसते. झाडाचं अंतर दिलं, तर केसांची टोकंच विरघळतात. धूर, धुकं, काच अशा आरपार दिसणाऱ्या गोष्टींचंही असंच होतं. दुसरी अडचण पुढच्या वस्तूंची. कॅमेऱ्यासमोर गवताचं पातं आलं आणि ते धूसर केलं, तर खरी लेन्स त्या पात्याच्या कडेने मागचंही थोडं बघत असते. खेळाच्या चित्रात पात्यामागे काय आहे याची नोंदच नसते, ते अंदाजाने भरावं लागतं. म्हणून पुढचा धूसरपणा बऱ्याचदा कागदाचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसतो.

फोटो तपासायचा तर चेहऱ्याकडे नंतर बघा. आधी केसांची कड, तलवारीचं टोक आणि हात व धड यांच्यामधली फट बघा. फटीतून दिसणारी पानं स्पष्ट आणि बाहेरची धूसर असतील, तर हिशेब चुकला आहे. अशा वेळी धूसरपणा कमी करणं हा पहिला इलाज. पण त्याहून चांगला इलाज फोटो मोडच्या बाहेर आहे. मागची वस्तू जितकी दूर, तितकी ती कमी प्रयत्नात धूसर होते. जिन झाडाला टेकून उभा असेल तर कोणतीही पट्टी त्याला झाडापासून सोडवणार नाही, आणि थांबलेल्या खेळात त्याला चालवता येत नाही. म्हणून बाहेर पडायचं, त्याला झाडापासून दहा-पंधरा पावलं पुढे आणायचं आणि मग पुन्हा उजवं बटण दाबायचं. फोकस डोळ्यांवर येईपर्यंत अंतराची पट्टी हळूहळू सरकवायची. नाकावर स्पष्ट आणि डोळ्यांवर पुसट असा चेहरा लगेच खटकतो.

उजेडाच्या बाबतीत मात्र खेळातला फोटोग्राफर खऱ्यापेक्षा नशीबवान. दिवसाची वेळ मेनूतूनच बदलता येते. सूर्य डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, तो कलता केला की उजेड चेहऱ्यावर बाजूने येतो. ढग, पाऊस, वाऱ्याचा जोर, वाऱ्याची दिशा, उडणारी पानं, सगळं हाताशी आहे. जिनच्या चेहऱ्यावरचे भावही निवडता येतात. या खेळाची खास गोष्ट म्हणजे जिन थिजलेला असतानाही भोवतालचं गवत, पानं आणि त्याचे कपडे हलते ठेवता येतात. कपड्याची घडी मनासारखी पडेपर्यंत थांबायचं आणि मग बटण दाबायचं. उडणारी पानं मात्र बेताने वापरावीत. चेहऱ्यावरून एक पान गेलं तरी फोटो वाया जातो, आणि लोक तर पानांचा वादळी पाऊस पाडतात.

फिल्टर सगळ्यात शेवटी. फिल्टर म्हणजे एक तक्ता: या रंगाच्या जागी तो रंग. त्याला झाड कुठलं आणि गाल कुठला हे ठाऊक नसतं. गिंकोच्या पिवळ्या पानांमध्ये आधीच सगळं सोनेरी, त्यावर उबदार रंगाचा फिल्टर चढवला की जिनला कावीळ झाल्यासारखी दिसते. तिथे फिल्टरचा जोर निम्म्याहून खाली आणावा किंवा थंड छटेचा घ्यावा. कृष्णधवल फिल्टर मोहात पाडतो. या खेळात तर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावाने पूर्ण खेळच जुन्या चित्रपटासारखा कृष्णधवल करायची सोय आहे, आणि त्यासाठी स्टुडिओने कुरोसावांच्या वारसांची परवानगी घेतली होती. पण सोनेरी मंदिराच्या अंगणात कृष्णधवल फारसं जमत नाही. तिथलं चित्र पिवळ्याच्या जोरावर उभं आहे, रंग काढला की पानांची जमीन आणि पानांची झाडं एकाच करड्या रंगाची होतात. पावसातली झुंज, दाट धुकं, उंच गवताच्या कडेवर उभी आकृती, अशा उजेड-सावलीवर पेललेल्या चित्रांना तो शोभतो.

बटण दाबण्याआधी आणखी एक बघा. टीव्हीवर एचडीआर चालू असेल तर तिथे झळाळणारा फोटो फोनवर पाठवल्यावर फिक्का किंवा भडक दिसू शकतो, कारण फोनला तो जास्तीचा उजेड दाखवायचं जमेलच असं नाही. फोटो मुख्यतः फोनवरच बघितला जाणार असेल तर एचडीआर बंद करून काढलेला बरा. आणि तुमचा पहिला फोटो फिल्टर न लावता काढा. तो बिनफिल्टरचा पाहवत नसेल, तर लेन्सचं अंतर किंवा उजेडाची दिशा चुकलेली असते, आणि त्या दोन पट्ट्या मेनूत फिल्टरच्या शेजारीच आहेत.