वीसपैकी सात

इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला अंतर्गत परीक्षेच्या निबंधात 20 पैकी 7 गुण मिळाले. प्रश्न होता : 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर भूकबळी का गेले नाहीत? तिने पाच पानं भरून लिहिलं होतं, अक्षर सुवाच्य, माहिती भरपूर. समासात मात्र लाल पेनाने तीनच शेरे होते : ‘कशावरून?’, ‘हे इथे कशाला?’ आणि ‘वर्षे पुन्हा पाहा’. शेवटी एक वाक्य : ‘वर्णन आहे, उत्तर नाही.’

बहुतेक मुलं करतात तेच तिने आधी केलं. ‘कशावरून?’ म्हणजे माहिती कमी पडली, असं समजून तिने पावसाचे आणखी आकडे घातले. ‘हे इथे कशाला?’ असा शेरा होता तो आजीच्या आठवणीचा परिच्छेद काढून टाकला. वर्ष दुरुस्त केलं. निबंध लांबला, पण होता तिथेच राहिला. शेऱ्यांना तिने चुकांची यादी मानलं होतं. खरं तर ते वाचणाऱ्याचे प्रश्न होते, आणि तो नेमका कुठे अडला ते दाखवत होते.

मग सरांनी तिला एक साधं काम सांगितलं. प्रत्येक परिच्छेदापुढे एका ओळीत लिही, हा परिच्छेद काय करतो. तिने लिहिलं : पाऊस पडला नाही. लोकांचे हाल झाले. सरकारने कामं काढली. रोजगार हमीचा कायदा आला. लोक वाचले. ही यादी वाचताना तिला दिसलं की तिचा निबंध घटना एकामागून एक सांगतो, पण एकीमुळे दुसरी कशी घडली ते कुठेच सांगत नाही. विचारलं होतं ‘का’, आणि ती लिहीत होती ‘काय काय झालं’.

तिसऱ्या शेऱ्याचा अर्थ इथे उलगडला. मूळ वाक्य होतं : ‘शासनाने 1972 साली रोजगार हमी कायदा केल्यामुळे जनता वाचली.’ पहिल्या दुरुस्तीत तिने 1972 खोडून 1977 केलं. पण कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, तर 1973 मध्ये तो कोणाला वाचवणार? आकडा बदलला की अख्खं कारणच कोसळतं. लोक जगले ते दुष्काळी कामांवर. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. कायदा या अनुभवानंतरचा. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या अनुभवाने बळ दिलं. म्हणजे तिने जे कारण म्हणून लिहिलं होतं, ते बऱ्याच अंशी परिणामाच्या बाजूचं होतं.

‘कशावरून?’ हा शेरा पुढच्या वाक्यावर होता : ‘कामांमुळे जनतेला दिलासा मिळाला.’ खडी फोडल्याने पोट कसं भरतं? हा मधला दुवा तिने दुसऱ्या लेखनात भरला : ‘शेतं ओस पडल्याने मजुराची मजुरी बुडाली होती. धान्याची टंचाई होतीच, पण जे धान्य मिळत होतं तेही विकत घ्यायला त्याच्याकडे पैसा नव्हता. नालाबंडिंगच्या, पाझर तलावाच्या कामावर मजुरी मिळू लागली, तेव्हा रेशनवरची मिलो घेण्याइतका पैसा हातात आला.’ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्राच्या या अनुभवाची चर्चा केली आहे. लोकांच्या हातातली क्रयशक्ती टिकवणं हा त्यांच्या मांडणीचाही गाभा आहे.

काढून टाकलेली आजी इथे परत आली. आधी ती नुसती हाल दाखवायला होती, म्हणून ‘कशाला?’. आता तीच आजी कामावर जाते, आठवड्याचा पगार घेते आणि त्यातून लाल मिलो आणते. तिची आठवण आता पुरावा झाली. तेवढ्यावर न थांबता मुलीने पुढे लिहिलं, एका घराची आठवण 50 लाखांच्या वतीने बोलू शकत नाही आणि कामांवरची मजुरीही तुटपुंजी होती. निबंधातलं मला सर्वात आवडलेलं वाक्य हेच. आपला पुरावा कुठवर पोचतो, हे तिला कळलं होतं.

दुसरा निबंध तीन पानांचा झाला. गुणपत्रिकेत 7 च राहिले, कारण अंतर्गत गुण एकदा भरले की बदलत नाहीत. तुमची वही अशी लाल होऊन परत आली, तर पहिल्याच शेऱ्यापासून खाडाखोड सुरू करू नका. आधी परिच्छेदांपुढे त्या एकेक ओळी लिहा, मग शेरे वाचा. आणि मास्तरांना विनंती : ‘कशावरून?’ एवढंच लिहून सोडू नका, कोणत्या दोन वाक्यांमधला दुवा तुटला तेही बाणाने दाखवा.